नळीतला लाल

परीक्षकांनी तिच्या वहीतल्या एका ओळीवर रेघ ओढली आणि समासात शून्य घातलं. ओळ होती: 'नळी तापवली, लाल रंग फिका झाला.' टेबलावरच्या छापील सूचनापत्रात मात्र 'तापवल्यास रंग गडद होतो' असं होतं, आणि आधीच्या एकतीस जणांनी ते उतरवून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. या शून्यानं ती प्रात्यक्षिकात नापास होत होती. पुढच्या वर्गातली जागाही जाणार होती.

परीक्षकांच्या मते तिनं नळीत पाणी ओतून रंग उतरवला होता आणि त्याचं खापर उष्णतेवर फोडलं होतं. शेजारी तिचे सर उभे होते. सूचनापत्र त्यांचंच. ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. 

"पाच मिनिटं द्या. आणि बर्फ," ती परीक्षकांना म्हणाली.

"नापास व्हायची वेळ आली की सगळ्यांनाच शास्त्र आठवतं," परीक्षक म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या मावशींनी कुणालाही न विचारता बर्फाचं पात्र आणून ठेवलं.

तिनं फेरिक क्षार, म्हणजे लोहाचा क्षार, आणि थायोसायनेट मिसळून झालेलं एकच लाल द्रावण तीन नळ्यांत ओतलं. पहिली तशीच ठेवली. दुसरीत फेरिक क्षाराचा थेंब टाकला; रंग गडद झाला. लोह वाढलं की संयुग बनण्या-मोडण्याचा समतोल लाल संयुगाकडे सरकतो, एवढं तरी तुमच्या कागदात बरोबर आहे, असं तिनं सरांना सुनावलं. तिसरी गरम पाण्यात धरली. लाल ओसरत ओसरत फिका नारिंगी उरला.

"हे संयुग बनताना उष्णता बाहेर पडते. बाहेरून उष्णता दिली की समतोल मागे सरकतो, संयुग मोडतं. आता बघा."

नळी बर्फात उतरली. लाल परतला, आणि पहिल्या नळीलाही मागे टाकून गडद झाला. पाणी घालून पातळ केलेली नळी ही बरोबरी कधीच करू शकली नसती.

परीक्षकांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. मग सरांनीच हळू आवाजात सांगितलं: पूर्वी हा प्रयोग कोबाल्टचा होता, त्यात तापवल्यावर गुलाबीचा गडद निळा होई. तो क्षार मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी सूचनापत्रात फक्त क्षाराचं नाव बदललं, निष्कर्षाची ओळ तशीच राहिली.

शून्य खोडलं गेलं, पूर्ण गुण आले. "झालं ना तुझं काम, बेटा," सर म्हणाले. "आता बाहेर बोलू नकोस."

"माझं झालं, सर. त्या एकतीस जणांनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही."

"मी बारा वर्षं या नळ्या धुते," मावशी ओट्यावरून फडकं फिरवत म्हणाल्या. "तापवला की उतरतोच तो. मला कोण विचारतंय?"

तिनं सूचनापत्र सरांसमोर सरकवलं आणि 'गडद होतो' या शब्दांवर बोट ठेवलं. ते खिसे चाचपू लागले. तिनं पेन आधीच उघडून कागदावर ठेवलं होतं.