धनुर्वाताच्या खोलीतली चाकं

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. जिकडेतिकडे रोजगार हमीची कामं निघाली होती. माणसं खडी फोडत होती, बायका टोपली वाहत होत्या. अनवाणी पायाला दगडाची कपची लागायची, त्यावर चिंधी बांधून बाई परत कामाला लागायची, आणि आठ-दहा दिवसांनी तिचा जबडा धरायचा. लातुरात एका संस्थेनं नव्या जिल्ह्यासाठी दवाखाना उघडला होता. त्याच्या मागच्या बाजूची एक खोली त्या उन्हाळ्यात धनुर्वाताच्या रोग्यांसाठीच राखून ठेवावी लागली.

खोलीच्या खिडक्यांना काळे कागद लावले होते. दाराच्या बिजागऱ्यांना तेल होतं, आत जाणाऱ्यानं चप्पल बाहेर काढायची. या दुखण्यात उजेड किंवा आवाज सहन होत नाही. बाहेर बादली आपटली तरी रोग्याचं अंग धनुष्यासारखं ताणलं जातं, आणि एखाद्या झटक्यात श्वासच अडकतो. म्हणून झटके आवरायचं औषध थेंबाथेंबानं, सारख्या वेगानं शरीरात जात राहावं लागतं.

त्या खोलीची जबाबदारी नर्स पंचशीलाकडं होती. ती नांदेडची, अठ्ठावीस वर्षांची, घरातली पहिली शिकलेली मुलगी. तिचे वडील नरसिंग सोनकांबळे नांदेडच्या कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं टर्नर होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरापुढच्या पत्र्याच्या शेडात एक जुनं लेथ आणि दाते पाडायचं एक लहान मशीन मांडलं होतं. शिवणयंत्राची, पंपाची, पिठाच्या गिरणीची चाकं ते करून देत.

चैत्रात पंचशीला एका पिशवीत एक खोकं घेऊन घरी आली. कुणीतरी देणगीत दिलेला औषधाचा पंप होता तो. आत छोटी मोटर, तिच्या वेगाला चाकांच्या तीन जोड्या टप्प्याटप्प्यानं कमी करायच्या, आणि शेवटी एक स्क्रू इतका सावकाश फिरायचा की काचेच्या सिरिंजचा दट्ट्या तासाला जेमतेम एक खूण पुढं सरकावा. मूळ चाकांचे दाते झिजून गेले होते. दवाखान्याचे डॉक्टर सिद्धेश्वर स्वामी यांनी विचारलं होतं, की नवी चाकं होतील का, पण एकच अट, आवाज नको.

नरसिंगरावांचा भरवसा पोलादावर. त्यांनी आधी पोलादाची चाकं केली. शेडात ती छान चालली, पण पंचशीलानं खोकं लोखंडी टेबलावर ठेवलं आणि अख्खं टेबल खर्रर्र वाजायला लागलं. मग त्यांनी पोलादाच्या लहान चाकावर पितळेचं मोठं चाक बसवलं. खरखर गेली, पण एक बारीक किणकिण उरली. पंचशीला म्हणाली, निजलेल्या माणसाला ही ऐकू येणार नाही, पण माझ्या रोग्यांना येईल.

आवाज कुठून निघतो ते नरसिंगरावांना ठाऊक होतं. मोटरीजवळची पहिली जोडी सर्वांत जोरात फिरते, तीच बोलते. शेवटची जोडी दिवसातून मोजके फेरे घेते. ती पोलाद-पितळेची असली तरी कुणाला कळत नाही, उलट दट्ट्याचा सगळा जोर तिच्यावर असल्यानं तिथं धातूच बरा. म्हणजे आवाज गिळणारं नायलॉन हवं होतं फक्त पहिल्या जोडीच्या मोठ्या चाकाला. त्यांनी तसंच करायला घेतलंही. पण नायलॉनचा दांडा हातात होता, तो लेथवर लोण्यासारखा कापला जात होता, आणि लेकीची खोली अगदी मुकी करून द्यावी असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी तिन्ही जोड्यांची मोठी चाकं नायलॉनची केली. दात्यांमध्ये थोडी मोकळीक राहिली तर टकटक होते, म्हणून दाते एकमेकांत घट्ट बसवले.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडून दिली. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत सतत ओलावा सोडलेला असायचा, आणि नायलॉन पाणी पिऊन फुगतं. म्हणून तिथले जुने मिस्त्री नायलॉनचे तुकडे तासन्‌तास पाण्यात उकळून, फुगायचे तेवढे फुगू देऊन, मगच त्यांचे दाते पाडत. नरसिंगरावांना हे पाठ होतं. पण त्या आठवड्यात त्यांच्या गल्लीत टँकर आला नव्हता. पातेलंभर पाणी दुपारभर उकळून उडवायचं त्यांच्या जिवावर आलं. आणि त्यांनी स्वतःशी म्हटलं, चाकं लातूरला जाणार आहेत. तिथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, हवेत ओल येणार कुठून?

पंप चालला. इतका मुका की चालू आहे का हे बघायला दिवा जवळ न्यावा लागे. पहिला रोगी, औशाकडचा एक गवंडी, सोळा दिवस त्यावर राहिला आणि पायानं चालत घरी गेला. डॉक्टरांनी नरसिंगरावांना पत्र लिहिलं. ते त्यांनी शेडात खिळ्याला टोचून ठेवलं.

वैशाखात चांगुणा आली. निलंग्याकडच्या एका खेड्यातली, तिशीची, खडीच्या कामावर टाचेला कपची लागलेली. नवरा पंढरी वऱ्हांड्यात बसून राहिला. आत जायची त्याला मनाई होती. बाईची प्रकृती काटक होती, दहा दिवसांत झटके कमी होत आले. त्याच दिवसांत उन्हानं कहर केला. बंद खोलीत रोगी उकडून निघत होते, म्हणून डॉक्टरांनी संस्थेच्या मागं लागून टँकरचं पाणी मिळवलं, आणि खिडक्या-दाराला वाळ्याचे पडदे लावून ते दिवसरात्र ओले ठेवले. खोली गार झाली. बारा दिवस त्या गार, ओल्या हवेत पंपाची चाकं फिरत राहिली आणि हळूहळू पाणी पीत राहिली.

तेराव्या दिवशी दुपारी चाकं अडकली. असली मोटर अडली तर ओरडत नाही, नुसती गरम होते. पंचशीला दर अर्ध्या तासाला सिरिंजवरची खूण बघायची. त्या दुपारी कामावरून एकदम चार जखमी आले आणि तिला पुढं बोलावून नेलं. ती सव्वा तासानं परतली. खोलीत नेहमीसारखीच शांतता होती. तिनं बॅटरी मारून खूण बघितली, तर ती जिथल्या तिथं होती. तिनं हातानं दट्ट्या ढकलून औषध सुरू केलं, डॉक्टरांना हाक मारली, तेवढ्यात चांगुणाच्या अंगाला पहिला झटका आला. मग लागोपाठ येत गेले. संध्याकाळच्या आत ती गेली.

निरोप मिळाला तसे नरसिंगराव मिळेल त्या एस.टी.नं लातूरला आले. पंचशीला औषधांच्या खोलीत बसली होती. ती रडत नव्हती. तिनं खोकं पुढं सरकवलं. "आवाज न्हवता, बाबा," ती म्हणाली. "चालू होतं तवाबी न्हवता."

त्यांनी झाकण काढलं. चाक बोटानं हलेना. त्यांनी ते काढून मापलं. चाळीस मिलिमीटरचं केलेलं चाक तीन केसांनी वाढलं होतं, आणि घट्ट बसवलेल्या दात्यांना तेवढंच पुरलं होतं. त्यांनी तीनदा मापलं. तिन्ही वेळा तेच आलं.

संस्थेनं पंचशीलाला नोटीस दिली: रोग्याला सव्वा तास सोडून गेल्याबद्दल. नरसिंगरावांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की चूक चाकांची आहे, चाकं मी केली, आणि काय करायचं ते मला ठाऊक असून मी केलं नाही. कार्यालयातल्या माणसानं तो कागद वाचून परत केला. बाहेरच्या माणसानं शेडात केलेला पंप दवाखान्यात वापरला, असं दप्तरी लागलं तर सगळेच अडचणीत येतात, तो म्हणाला. पंचशीलाची बदली संस्थेच्या देवणीच्या छोट्या दवाखान्यात झाली. पट्टी बांधायची, गोळ्या द्यायच्या. तिनं तक्रार केली नाही. वडिलांशी मात्र ती त्यानंतर मोजकंच बोलू लागली.

नरसिंगरावांनी चाकं पुन्हा केली. या वेळी दोन दिवस पाणी उकळलं, शेजारणी बघत असताना. पहिल्या जोडीत गुळगुळीत पोलादाचं लहान चाक आणि उकळून मुरवलेल्या नायलॉनचं मोठं, दात्यांत मोकळीक ठेवून. पुढच्या दोन्ही जोड्या पोलाद-पितळेच्या. शेवटच्या दांड्यावर बाहेरून दिसेल असा लाल काटा बसवला. खोकं ओल्या पोत्यात गुंडाळून पंधरा दिवस चालवलं. कान लावला तर हलकी घरघर यायची. त्यांनी ती राहू दिली.

डॉक्टर स्वामींनी पंपाला हात लावला नाही. "नरसिंगराव, माझी छाती होत नाही," ते म्हणाले.

तिथून नरसिंगराव निलंग्याच्या बाजूला गेले आणि पंढरीचं घर शोधून काढलं. पंढरी खडीच्या कामावर होता. ते तिथंच त्याच्या शेजारी दगडाच्या ढिगाऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. पातेलंभर पाण्याचंही सांगितलं. पंढरी हातोडा मांडीवर ठेवून ऐकत होता.

"तुमची लेक तिला सोडून गेलती म्हनले मला," तो म्हणाला.

"तिला बोलावून नेलतं. चाक माझं होतं."

पंढरीनं शिवी दिली नाही. त्यानं विचारलं, आता चालतंय का ते. नरसिंगराव म्हणाले, चालतंय, पण ते ठेवून घ्यायला कुणी तयार न्हाई.

दुसऱ्या दिवशी पंढरी रोज बुडवून त्यांच्याबरोबर लातूरला आला. डॉक्टरांच्या टेबलावर त्यानं स्वतः खोकं ठेवलं. डॉक्टरांनी त्याला ओळखलं आणि ते उभे राहिले.

"माझी बायको गेली ह्याच्यात," पंढरी म्हणाला. "आता हे सुधरलंय म्हनतेत. कपाटात ठिवून काय करता?"

डॉक्टरांनी खोकं ठेवून घेतलं. एक बाई कायम पंपाजवळ बसेल, उठावं लागलं तर आधी दुसरी येईल, असा लेखी नियम त्यांनी काढला.

श्रावणाच्या अखेरीस डॉक्टरांचं कार्ड आलं. पंपावर तीन रोगी झाले. दोन बरे होऊन गेले, एक पोरगी गेली. तिला आणलंच उशिरा, पंप शेवटपर्यंत चालू होता. नरसिंगरावांनी कार्ड दोनदा वाचलं. मग त्यांनी ते पाकिटात घातलं, वर देवणीचा पत्ता लिहिला आणि पेटीत टाकायला स्वतः चालत गेले. पंचशीलाचं उत्तर दसऱ्यापर्यंत तरी आलं नव्हतं.