चौसष्टचा वर्ग

तीन वर्षं मी या शाळेत तात्पुरती शिक्षिका आहे. कायम होणार की नाही, ते त्या दिवशीच्या एका तासावर ठरणार होतं. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, मागच्या बाकावर वही घेऊन बसणार होत्या. आदल्या दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बीजगणिताचं गुऱ्हाळ नको हं. नुसती युक्ती सांगा. मुलं खूश, मीही खूश." गणिताच्या तासाला गणितच टाळायचं! पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी मान डोलावली.

वर्ग काढायला फळ्यावर ३५ लिहिले. "तीनला पुढच्या चारने गुणा, बारा. शेजारी पंचवीस लिहा. बाराशे पंचवीस!" मग ७५ दिले. सात आठे छप्पन्न, पाच हजार सहाशे पंचवीस. वर्ग नुसता उधळला. मोठ्या बाई हसत होत्या. मग त्यांनीच हौसेने विचारलं, "आणि चौसष्टचा वर्ग?"

सगळे हात वर. "सहा साते बेचाळीस, चार चोक सोळा. चार हजार दोनशे सोळा!"

"चूक. ही युक्ती शेवटी पाच असेल तरच चालते," मी म्हटलं. उत्तर चार हजार शहाण्णव. चूक मुलांची नव्हती, युक्ती पाचापुरतीच का, हे मी सांगितलंच नव्हतं.

"बाई, पाचालाच काय सोनं लागलंय?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं.

आता गप्प बसणं मला जमेना. मी लिहिलं: दशकाचा अंक क, तर संख्या १०क + ५. वर्ग केला की १००क² + १००क + २५. "मधलं पद कुठून आलं? दोन गुणिले १०क गुणिले ५. पाचाची दुप्पट दहा, म्हणून पूर्ण शंभर क मिळाले. दोन्हींतून १००क बाहेर काढा, उरतं क अधिक एक. तोच तो पुढचा अंक!"

चष्मेवाली पुटपुटली, "चार घेतले तर मधे ८०क येतील. शंभर भरतच नाहीत."

"शाब्बास! छत्तीसशे, चारशे ऐंशी आणि सोळा. करा बेरीज."

"चार हजार शहाण्णव!" ती ओरडली आणि घंटा झाली. इतकी वर्षं शिकवतेय, पण असा तास क्वचितच झाला असेल.

मोठ्या बाईंनी शेरा पुढे केला: 'मुलांकडून चुकीचं उत्तर आलं. ठरलेला पाठ सोडून बीजगणितात वेळ गेला. यांना आणखी एक वर्ष तात्पुरतंच ठेवावं.'

"पण बाई, चौसष्टचा वर्ग तुम्हीच विचारलात..."

"सही करताय ना? सही नसेल तर ते एक वर्षही नाही."

इतका संताप आला की कागद टराटरा फाडावासा वाटला. पण घरभाडं, आईची औषधं सगळं डोळ्यांपुढे आलं. मी सही केली, आणि त्या सहीसाठी मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.