पाकिटावरचा नंबर

गोजरबाईनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि वाचनालयाच्या दारात पहाऱ्याला उभी राहिली. भरतीची परीक्षा होती. हिंगोलीच्या त्या शाळेत साडेतीनशे पोरं आली होती, आणि सालही असं, दोन हजार आठ, की पायात चप्पल नसली तरी चालंल पण खिशात मोबाइल पाहिजे!

शिपाईण म्हणून तिला बारा वर्षं झाली होती. पण मागच्या परीक्षेत एकाचा मोबाइल गायब झाला आणि समदे डोळे तिच्यावर आले. तीन दिवसांनी तो त्याच्याच पिशवीच्या फाटक्या अस्तरात सापडला म्हणे. ते सांगायला मात्र कुणी आलं नाही. बोभाटा गावभर, खुलासा कानातल्या कानात! ह्या वेळी काही गेलं तर आपण ह्या शाळेत तोंड दाखवायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

केंद्रप्रमुख अमृतराव सरांनी फाटकात भोंग्यावरून सांगितलं, "मोबाइल, कॅल्क्युलेटर, कॅल्क्युलेटरवालं घड्याळ आत चालणार नाही. मोबाइल बंद करा, पाकिटात घाला, वर नंबर लिहा आणि वाचनालयात जमा करा. पिशव्या व्हरांड्यात. सोनंनाणं आम्ही ठेवून घेणार नाही, ते ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर."

पाकिटं आली. गोजरबाईनं ती न वाचताच खोक्यात रचली आणि वाचनालयाला कुलूप घातलं.

पेपर सुटला नि गोंधळाला सुरुवात झाली. "बैठक क्रमांक बोल," ती म्हणायची. पोरगं सहा आकडे बोलायचं. पाकिटांवर मात्र दहा-दहा आकडे! कुठं सहा, कुठं दहा.

"हे काय लिहिलंय रं?"

"मोबाइलचा नंबर, मावशी. सरांनीच म्हटलं ना, नंबर लिहा म्हणून."

आता घ्या! कोणता नंबर ते सरांनी म्हटलंच नव्हतं. निम्म्यांनी हा लिहिला, निम्म्यांनी तो. दारात रेटारेटी झाली. गोजरबाईनं कवाड लोटून घेतलं आणि फटीतून ओरडली, "एकेकानं या! दोन्ही नंबर सांगा, जुळंल तेव्हाच देईन!"

तासाभरानं खोक्यात एक पाकीट उरलं आणि दारात एक पोरगं. पुसेगावचा विजयकुमार. त्याचा बैठक क्रमांक जुळंना, आणि मोबाइल नंबर त्याला सांगता येईना.

"नवं सिम हाय. सोताला कोण फोन लावतंय?" तो चिडला. "पाकिटावर काय लिहिलं ते घाईत ध्यानात न्हाई. द्या ना, एकच तर उरलंय!"

"उरलं म्हणून तुझं कसं? दुसऱ्यानं तुझं नेलं असंल अन् हे त्याचं असंल तर?"

"मग माझा गेलाच म्हणा! मागल्या बारीला बी इथूनच गेला होता म्हणं."

आपण समदं नीट केलं तरी हे काहून? गोजरबाईला कळंना. ती पाकीट घेऊन ऑफिसात गेली, विजयकुमार मागोमाग. अमृतराव सरांनी पाकिटावरचा नंबर ऑफिसच्या फोनवरून फिरवला.

गोजरबाई म्हणाली, "सर, पाकिटातला तर बंद हाय. लागंल कसा?"

पण घंटी गेली! पाकीट गप्प आणि पलीकडं कुणी तरी उचललं. सरांनी विचारलं, कोण?

"मी व्यंकटराव, पुसेगावचा. आमचं विजू हाय का तिथं? सकाळधरनं लावून राहिलो, बंदच येतो. जेवलं का ते?"

सरांनी फोन पोराच्या हातात दिला. विजयकुमारचं तोंड उतरलं. सराईतपणे बोटाला येणारा नंबर एकच होता, बापाचा. 'नंबर लिहा' ऐकल्यावर हातानं तोच लिहिला होता. सरांनी पाकिटातला मोबाइल चालू करायला लावला. आत 'बाबा' नावाखाली तोच नंबर होता. पाकीट त्याचंच.

"नंबर म्हटलं, कोणता ते म्हटलं नाही. चूक माझीच," सर म्हणाले. विजयकुमार मात्र मोबाइल घेऊन तसाच निघून गेला. गोजरबाईनं चहाही घेतला नाही.

दुपारी दुसरा पेपर होता. सगळ्यांत शेवटी विजयकुमार आला. पाकिटावर बैठक क्रमांक ठळक लिहिला होता. पाकीट दिल्यावर त्यानं बोटातली सोन्याची अंगठी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"हे बी ठेवा, मावशी. आत हरवंल. तुमच्यापाशी बराबर राहील."

गोजरबाईनं अंगठीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"सोनं ठेवायचं न्हाई बाबा, नियम हाय. बोटातच घाल."

"मावशी, सकाळी मी जे बोललो..."

"जा आता, घंटा झाली."

तो पळाला. तिनं कुलूप घातलं, गाठ एकदाच ओढली आणि सकाळधरनं पहिल्यांदा दारापुढच्या ओट्यावर टेकली.