मुलगी बाहेर असते

निधनवार्तांच्या टेबलावर बावीस वर्षं काढली की माणसाला मरणाचं फारसं काही वाटेनासं होतं. वाटतं ते वाक्यांचं. ‘त्या शिक्षिका, दोन मुलांच्या आई आणि त्यांना भरतकाम आवडे’ असलं काही समोर आलं की कात्रीच्या कपाळाची शीर उडायची. गेलेली बाई गेली बिचारी, पण तिला असं अर्धवट लोंबकळत कशाला ठेवायचं? तीन गोष्टी एका दोरीवर वाळत घालायच्या तर तिन्हींना चिमटा बसला पाहिजे, एवढं साधं लोकांना कळत नाही, असं तिचं म्हणणं. कात्री हे नाव तिला वर्तमानपत्राच्या कचेरीनं दिलं होतं. खरं नाव पगाराच्या कागदावर असावं.

त्या दिवशी दुपारी तीनला तिच्या टेबलासमोर तिचा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आप्पांचा फोटो आणि एक कागद. आप्पा, म्हणजे या दोघांचे वडील, जाऊन पाच दिवस झाले होते.

“तू कामावर आलीस?” भावानं विचारलं.

“घरी बसून काय करू? भेटायला येणारी माणसं तुझ्याकडे येतात.”

हे अगदी खरं होतं. तिच्या खोलीवर सांत्वनाला फक्त घरमालकीण आली होती, आणि तीही पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली हे विचारून गेली. नऊ वर्षांपूर्वी कात्रीनं नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, “तिथे नको तर इथेही नको.” त्यानंतर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती दोन बसथांबे पलीकडे राहायची, आप्पा पत्ते कुटायला गेले की आईची औषधं देऊन यायची आणि ते परतायच्या आत मागच्या दारानं सटकायची. पन्नाशीला आलेली बाई, पण जिना उतरायची ती चोरासारखी.

तिनं कागद हातात घेतला, पण वाचला नाही. घरच्या माणसाची वार्ता स्वतः तपासायची नाही, असा टेबलाचा नियम होता. पूर्वी एका सहकाऱ्यानं सासऱ्यांच्या वार्तेत ‘यांचे अखेर निधन झाले’ असं लिहिलं होतं. त्यातला ‘अखेर’ त्याच्या बायकोच्या नजरेतून सुटला नाही, आणि तेव्हापासून हा नियम आला.

“गुरुजी, हे तुमचं,” म्हणून तिनं कागद शेजारी सरकवला.

गुरुजी सत्तरीचे. निवृत्त होऊनही येत, कारण घरी त्यांच्या चुका काढणारी माणसं होती आणि इथे चुका ते काढायचे. ते प्रत्येक वार्ता मोठ्यानं वाचत, आणि ती देणाऱ्याला समोर बसवून त्याची सही घेत. त्याच्या संमतीवाचून शब्द हलवायचा नाही. पान पाचला छापायला जायचं.

“‘आप्पांना बागकाम, पत्ते खेळायला आणि वेळेवर जेवण आवडे,’” गुरुजींनी वाचलं. “आता तुकडे करू. आप्पांना बागकाम आवडे. बरोबर. वेळेवर जेवण आवडे. चालेल. आप्पांना पत्ते खेळायला आवडे. हे एकटंच वेगळ्या चालीचं आहे. नुसतं ‘पत्ते’ करू? बागकाम, पत्ते आणि वेळेवर जेवण.”

“करा की,” भाऊ म्हणाला.

“‘ते कष्टाळू, स्पष्टवक्ते आणि सगळ्यांना मदत करायचे.’ ते कष्टाळू करायचे? नाही ना? मग ‘कष्टाळू, स्पष्टवक्ते आणि मदतीला तत्पर होते.’”

कात्री मान खाली घालून दुसऱ्याच कुणाच्या आजीला दुरुस्त करत होती. ‘स्पष्टवक्ते’ ऐकून तिला हसू फुटलं. या टेबलावर त्या शब्दाचा अर्थ शिवराळ असा होता, आणि आप्पांच्या बाबतीत तर तो सौम्यच पडत होता.

“‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, दोन नाती आणि मुलगी बाहेर असते असा परिवार आहे.’”

गुरुजी थांबले. कात्रीचं पेन थांबलं. भावानं पंख्याकडे पाहिलं.

“तुकडे करू,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले. “पश्चात पत्नी आहे. मुलगा आहे. सून आहे. दोन नाती आहेत. मुलगी बाहेर असते आहे.”

“अर्थ कळतो ना?” भाऊ म्हणाला.

“कळतो. जरा जास्तच कळतो. सगळी माणसं घरात बसली आहेत आणि एकीबद्दल दारातून खुलासा चाललाय.”

“बाहेर म्हणजे कुठे रे बाळ्या?” कात्री न राहवून बोलली. “दोन थांबे! परदेशी असल्यासारखी काय लिहितोस?”

“ताई, ओरडू नकोस. आप्पांनी मला बजावून ठेवलं होतं, माझ्या मागे तिचा उल्लेख नको. तरी मी घातलंय. घरी येऊन बसलेले काका विचारतील, तर सांगता येईल की नुसतं मुलगी असं नाही लिहिलं, बाहेर असते असं लिहिलंय. दोन्हीकडचं राखलं.”

म्हणजे या गाढवानं तिला घरात घेतलं होतं, पण चपला काढू दिल्या नव्हत्या. कात्रीला संताप आला, आणि त्याच्या खाली रडूही आलं. आपल्याला त्या यादीत किती यायचं होतं हे तिला आत्ता कळलं, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली. हजारो मेलेल्यांच्या हजारो मुली तिनं डोळे झाकून ओळीत बसवल्या होत्या.

“दोन उपाय आहेत,” गुरुजी म्हणाले. “एक, ‘दोन नाती’पाशी थांबायचं. वाक्य बिनचूक होतं. दुसरा, बाकीच्यांसारखंच नुसतं ‘मुलगी’ लिहायचं. तेही बिनचूक. व्याकरण काही तुम्हाला मदत करणार नाही. सही तुमची.”

भावानं कात्रीकडे पाहिलं. “तू सांग ना, ताई.”

तिच्या जिभेवर शब्द आला होता. तो सांगून टाकणं अगदी सोपं होतं. आयुष्यभर याच्या शाळेचे निबंध, अर्ज, बॉसला लिहायच्या माफ्या तिनंच लिहून दिल्या होत्या.

“मला नियम आहे,” ती म्हणाली. “घरच्यांचं मी तपासत नाही.”

आणि ती पाणी प्यायला उठली. पाणी प्यायचं नव्हतंच. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रिकामा पेला धरून उभी राहिली, आणि मागे काय चाललंय ते कान देऊन ऐकू लागली. मग भावानं पेन मागितलं. खरडल्याचा आवाज आला, खोडल्याचा आला, पुन्हा खरडल्याचा आला.

“मोठ्यानं वाचा,” गुरुजी म्हणाले. “वाचल्याशिवाय सही नाही.”

भाऊ वाचू लागला. वर्गात उभं केल्यावर वाचायचा तसाच, अडखळत. बागकाम झालं, पत्ते झाले, स्पष्टवक्ते झाले.

“‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, मुलगा, सून आणि दोन नाती असा परिवार आहे.’”

“मुलगी वर घेतलीत?” गुरुजींनी विचारलं. “शेवटी होती ती.”

“ताई मोठी आहे माझ्यापेक्षा,” भाऊ म्हणाला. “आधी तीच येते.”

कात्रीनं पेला ठेवला, तोंड पदरानं खसाखसा पुसलं आणि टेबलाशी आली. सही करणाऱ्या भावाच्या डोक्यावर तिनं एक टपली मारली.

“भेटणारे अजून येतायत ना घरी?” तिनं विचारलं. “मी येते संध्याकाळी. पुढच्या दारानं येणार, काकांना सांगून ठेव.”