कडेला ठोकलेला नंबर

जनरल खोलीत शिरले तेव्हा भिंगवाल्या बाईंनी आधी पाहिलं ते त्यांच्या छातीकडे. कोटाच्या डाव्या बाजूला चार पदकं लखलखत होती, आणि बाईंचं मत तिथेच बनून गेलं. वाडवडिलांची पदकं वारसाला मिरवायचीच असली, तर ती उजव्या बाजूला लावतात. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची. एवढं न कळणारा माणूस बाकीचं काय कळून घेणार, असं मनात म्हणत त्यांनी टेबलावरचा चहाचा कप बाजूला सरकवला.

‘जनरल’ हे त्यांना गल्लीने दिलेलं नाव. जन्मभर त्यांनी फरशा विकल्या होत्या. पण आजोबा पलटणीत होते, त्या आजोबांना शौर्यपदक होतं, आणि त्या एका पदकाच्या जोरावर नातवाने गेली चाळीस वर्षं लोकांना ताटकळत उभं ठेवलं होतं. लग्न असो, शाळेचं बक्षीस वाटप असो, जनरल कोट चढवून हजर. आता पलटणीच्या संग्रहालयात आजोबांच्या नावाची चौकट लागणार होती. रविवारी पडदा बाजूला करायचा, भाषण जनरलांचं. फक्त त्याआधी मागच्या खोलीत बसणाऱ्या भिंगवाल्या बाईंची सही हवी होती, की पदकं खरी आहेत आणि ज्याची म्हणतात त्याचीच आहेत.

जनरलांच्या मागे, हातात कापडी पिशवी घेऊन, एक बाई दाराशीच थांबली होती.

“ही आमची चुलत बहीण,” जनरल मागे न बघताच म्हणाले. “शिवणकाम करते. ये गं आत, घाबरतेस काय! हिच्याकडे एक साधं पदक आहे. चौकटीत चार बरोबर दिसत नव्हती हो. पाच कशी, मध्ये एक आणि दोन्हीकडे दोन-दोन. म्हटलं, आण तुझं. तसंही पेटीत पडून आहे.”

“कोणाचं आहे ते?” बाईंनी विचारलं.

“माझ्या आजोबांचं,” शिवणकामवाली म्हणाली.

“माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ,” जनरल घाईने म्हणाले आणि आवाज खाली आणल्याचं नाटक केलं, पण तो होता तेवढाच राहिला. “पळपुटा. लढाई सोडून पळाला, परत तोंड दाखवलं नाही. प्रत्येक घराण्यात असतो एखादा. नाव दिसणार नाही असं लावू, म्हणजे झालं.”

शिवणकामवालीने मान खाली घातली नाही. साठी उलटेपर्यंत हा शब्द तिने इतक्या वेळा ऐकला होता की मान खाली घालायची तर वर कधी करायची, हा प्रश्न होता. तिचे वडील पळपुट्याचा मुलगा म्हणून जगले आणि पळपुट्याचा मुलगा म्हणूनच गेले. मयताला जनरल आले होते, कोट घालून.

बाईंनी हिरव्या बनातीचं कापड पसरलं आणि हात पुढे केला. जनरलांनी एक-एक पदक काढून दिलं. ती पितळेच्या भांड्यासारखी घासलेली होती. राजमुद्रेवरची बारीक रेघ पार बोथट झाली होती.

“पॉलिश कोणी केलं?”

“मी स्वतः! दर महिन्याला,” जनरल फुलून म्हणाले.

“दिसतंय,” बाई म्हणाल्या. जनरलांना ती शाबासकी वाटली.

बाईंनी पहिल्यांदा फितींवर जांभळ्या उजेडाचा टॉर्च मारला. चारही फिती निळ्याशार पेटल्या. म्हणजे धागा नवा, अलीकडच्या कारखान्यातला. जुनी सुती-रेशमी फीत त्या उजेडात मठ्ठ राहते.

“फिती बदलल्यात.”

“गेल्याच महिन्यात. जुन्या मळल्या होत्या, फेकून दिल्या.”

“बदलण्यात गुन्हा नाही. फेकण्यात मूर्खपणा आहे.” बाई हे अशा सुरात म्हणाल्या की जनरलांना रागवावं की मान डोलवावी ते कळेना. त्यांनी मान डोलावली.

मग भिंग डोळ्याला लावून बाईंनी पदकांच्या कडा वाचायला घेतल्या. पदकाचं तोंड सगळ्यांचं सारखंच असतं. माणूस कडेवर असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दोन युद्धपदकं आणि एक दीर्घ सेवेचं, तिन्हींच्या कडेवर एकच नंबर आणि थोरल्या आजोबांचं नाव. एकावर शिपाई, शेवटच्यावर हवालदार. सगळं रीतसर. मग त्यांनी शौर्यपदक उचललं, कड फिरवली, आणि थांबल्या. परत फिरवली. कॅलिपर काढून नंबराच्या जागी आरपार माप घेतलं: छत्तीस मिलिमीटर भरलं. नावाच्या जागी घेतलं: जेमतेम साडेपस्तीस.

“काय झालं?” जनरलांनी विचारलं.

“याच्यावरचा नंबर वेगळा आहे.”

“असणारच की!” जनरल हसले. अडाण्याला समजवावं तसे पुढे वाकले. “मॅडम, प्रत्येक पदकाचा आपापला नंबर असतो. गाडीला नसतो का? उलट तीच तर खरेपणाची खूण. आमचे आजोबा सांगायचे, नंबराला हात लावायचा नाही, नंबर सरकारचा असतो, सरकार तपासतं.”

बाईंनी भिंग खाली ठेवलं. तीस वर्षांत त्यांनी बरीच खोटी पदकं पाहिली होती, साच्यातून ओतलेली, दोन पदकांची दोन अर्धी चिकटवलेली. पण चोराने स्वतःच्या हाताने मालकाचा पत्ता जपून ठेवलेला त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

“नंबर पदकाचा नसतो,” त्या म्हणाल्या. “माणसाचा असतो. भरती झाल्या दिवशी मिळतो तो त्याचा. म्हणून तर तुमच्या बाकीच्या तिन्ही पदकांवर एकच आहे. चाळीस वर्षं घासताय, एकदा वाचलं असतंत तर कळलं असतं.”

बाईंनी शौर्यपदक दिव्याखाली तिरकं धरलं.

“नंबर बघा. ठशाने ठोकलाय, प्रत्येक आकडा सारख्या खोलीचा. पदक आलं तेव्हापासूनचा. आणि हे नाव बघा. हे कोरलंय, सोनाराच्या कोरणीने. एक अक्षर खोल, एक उथळ, काना घसरलाय. इथे कानस मारून आधीचं नाव उडवलंय, म्हणून इथे पदक अर्धा मिलिमीटर बारीक आहे. आणि घाईत हुद्दा टाकलाय हवालदार. त्या लढाईच्या वेळी तुमचे आजोबा शिपाई होते, तुमच्याच दुसऱ्या पदकावर लिहिलंय. पदकावर हुद्दा त्या दिवशीचा असतो, पेन्शनीचा नाही.”

“म्हणजे… म्हणजे सरकारनेच चूक केली असेल,” जनरल म्हणाले.

“कानस सरकार मारत नाही.”

शिवणकामवालीने पिशवीतून एक पुठ्ठ्याची चपटी डबी काढली आणि बनातीवर ठेवली. “यावरचा नंबर बघता?” ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता, पण डबीचं झाकण तिला दोनदा प्रयत्न करून उघडावं लागलं.

साधं युद्धपदक. कधीही न घासलेलं, पार काळवंडलेलं, आणि त्यामुळेच कड धारदार. टॉर्चखाली फीत मठ्ठ राहिली. बाईंनी आकडे मोठ्याने वाचले, मग शौर्यपदकावरचे वाचले. एकही आकडा वेगळा नव्हता.

शिवणकामवाली फितीवरून बोट फिरवत होती. “हिला टाका पडलेलाच नाही,” ती म्हणाली. “कधी कशावर शिवलीच नाही ही. आजी म्हणायची, सगळ्यांना वाटली तसं हेही आलं, पळून गेलेल्यांना पण देतात.”

“देत नाहीत,” बाई म्हणाल्या. “पळालेल्याची पदकं जप्त होतात. तुमच्या घरी ही डबी टपालाने आली त्याच दिवशी तुमचे आजोबा पळाले नव्हते हे सिद्ध झालं होतं. फक्त कोणी सांगायला हवं होतं.”

त्या उठल्या आणि कपाटातून पलटणीची शौर्यपदकांची छापील यादी घेऊन आल्या. पान सापडायला दोन मिनिटं लागली. नंबर तोच. नाव धाकट्याचं. पुढे दीड ओळ: जखमींना उचलून आणताना तीन वेळा गेला, चौथ्यांदा पडला. पदक घरी पाठवले, थोरल्या भावाने सही करून घेतले.

“सही,” शिवणकामवाली म्हणाली. “पत्रंपण त्यांच्याच हाती यायची. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पलटणीचं पत्र आलं तेव्हा थोरल्यांनी ओट्यावर उभं राहून, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, की तुझा नवरा पळाला म्हणून. आजी सांगायची. तिने कुंकू पुसलं नाही. परत येईल म्हणून सत्तावीस वर्षं वाट बघितली.”

भावाच्या नावावर कानस मारताना ज्याचा हात थरथरला नाही, तो माणूस नंबराला मात्र भ्याला होता. बाईंना थुंकावंसं वाटलं, पण बनात स्वच्छ होती.

जनरल मात्र सावरले होते. अशी माणसं सावरतातच. त्यांनी खाकरून घसा साफ केला, कोट खाली ओढला आणि चेहऱ्यावर अभिमान आणला, अगदी ताजा.

“हे तर फारच छान झालं!” ते म्हणाले. “शेवटी घराण्याचंच नाव की! आमचे चुलत आजोबा, वीर! रविवारी भाषणात मी हेच सांगतो. चौकटीवरची पाटी बदलू. आणि हे कडेवरचं नाव, ते घासून नीट कोरून घेऊ, एका दिवसाचं काम. माझ्या ओळखीचा सोनार आहे.”

“आणखी घासाल तर नंबरही जाईल,” बाई म्हणाल्या. “आणि हात लावलात तर सही विसरा. ते खोटं नाव असंच राहणार. काचेआड, दिव्याखाली. शेजारी माझा कागद.”

त्यांनी तो कागद तिथेच लिहून काढला. दोन्ही मापं लिहिली, ठोकलेले आकडे आणि कोरलेली अक्षरं वेगळी नोंदवली, यादीचं पान दिलं. पदक धाकट्याचे. कडेवरील नाव मागाहून, भावाने घातलेले. धाकटा लढताना पडला. खाली सही केली आणि कागद शिवणकामवालीपुढे सरकवला.

“चौकटीचं काय करायचं, तुम्ही सांगा. पदक तुमचं आहे.”

शिवणकामवालीने कागद वाचला. हळूहळू, ओळीखाली बोट धरून, शेवटपर्यंत. मग तो उचलून जनरलांसमोर धरला.

“दादा, वाच.”

“वाचलाय की. समजलं मला.”

“मोठ्याने वाच. ओट्यावर वाचलं होतं तसं.”

जनरलांनी बाईंकडे पाहिलं. बाई पदकं मोजून कापडात ठेवण्यात गुंग असल्यासारख्या होत्या. बाहेरच्या दालनात शाळेची मुलं आली होती, त्यांचा गलका दारातून ऐकू येत होता. जनरलांनी कागद घेतला आणि पुटपुटत सुरुवात केली. नंबर वाचला, मापं वाचली, आणि नाव येताच आवाज गिळून पुढच्या ओळीवर गेले.

“नाव राहिलं,” शिवणकामवाली म्हणाली. तिने उठून बाहेरच्या दालनाचं दार सताड उघडलं. मुलं गप्प होऊन आत बघायला लागली.

“पहिल्यापासून वाच.”