हिरव्या पावसाचं गुपित

तेरखेड्याचे फटाका कारखानदार रणधीरशेठ करारनामा घेऊन तिसऱ्यांदा माझ्या कळंबच्या वकिलीच्या ऑफिसात आले, तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. सोबत त्यांचे जुने कारागीर बलभीममामा होते, सही करायला आणलेले.

गुप्ततेचं कलम अजून तसंच होतं : ‘कारखान्यात समजलेली सर्व माहिती गोपनीय.’

“शेठ, सर्व म्हणजे काय? वात कशी लावायची ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उद्या मामा भाजले तर डॉक्टरला काय सांगायचं, तेही गुपित का? असलं मोघम कलम कोर्टात टिकवताना माझा जीव जाईल. नेमकं काय लपवायचंय?”

“आमच्या ‘हिरवा पाऊस’ फटाक्याच्या दारूचं मिश्रण.”

मी तेवढंच लिहिलं. खाली अपवाद घातले : जे आधीच जगजाहीर आहे, जे कामगाराला नोकरीआधीपासून येत होतं, आणि जे कायद्यानं सांगावंच लागतं, ते गोपनीय नाही.

“आता हे मिश्रण ओळखू येईल, एवढा तपशील द्या. कुठं लिहून ठेवलंय?”

शेठ मामांकडं वळले. “सांगा की मामा, काय काय घालता?”

मी पेन खाली ठेवलं. “मामा, हे शिकलात कुठं?”

“बापाकडं, कारखान्यात लागायच्या आधी. तवा शेठ शाळेत जात व्हते.”

मी दुसऱ्या अपवादावर बोट ठेवलं. शेठनी तो वाचला, पुन्हा वाचला.

“मग माझं गुपित काय उरलं?”

मामा शांतपणे म्हणाले, “म्याडम, कलम आता लई झ्याक झालंय. नावं तेवढी उलटी करा. म्या सांगतो, शेठनी कुनाला सांगायचं न्हाय.”