टाच वाढलीय

एक्स-रेच्या खोलीत वीस वर्षं काढली, पण टाच बघायची म्हटलं की मी अजूनही कचरते. त्यात ही तेजल. परवा पोलीस भरतीची धाव आहे, आणि टाच महिनाभर दुखतेय.

"उभी राहा गं. पूर्ण वजन टाक."

सपाट पाय झोपवून फोटो काढला तर लपतात; अंगाचं ओझं पडलं की तळव्याची कमान बसते. हिची बसलीच होती. स्क्रीनवर टाचेखाली बोरीच्या काट्याएवढं हाड पुढे आलेलं.

"काय दिसतंय, ताई?"

झालं! हाच प्रश्न. तीन वर्षांपूर्वी घोटीच्या प्रतिभानं विचारला होता. तिलाही असाच काटा होता. मी आपली शहाणी, बोलून गेले, "काही नाही गं, टाच वाढलीय." रिपोर्टला न थांबता पोरगी गेली आणि भरतीत धावली. मैदानावरच हाड मोडलं. तेव्हापासून कुणीही लंगडत आलं की मला तीच दिसते.

यावेळी मी जीभ चावून धरली. काटा सोडून मागे पाहिलं. टाचेच्या मागच्या भागात हाडाच्या रेषांना आडवा छेद देणारा धूसर पांढरा पट्टा होता. थकून तडकलेलं हाड भरू लागलं की असाच पट्टा उमटतो. कधी दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले.

"मॅडमनी तेच बजावलंय. मशीनवरची ताई काही बोलली तर कानात बोटं घाल म्हणाल्या."

"कोण मॅडम?"

"प्रतिभा मॅडम. आम्हाला धावायला शिकवतात. खाली उभ्या आहेत."

तीच प्रतिभा! मी फोटो लगेच डॉक्टरांकडे पाठवला.

डॉक्टरांनी फोटो पाहिला, तिची टाच दोन्ही बाजूंनी दाबली. तेजल कळवळली. "काटा पुष्कळांना असतो, दुखणं त्याचं नाही. हाड तडकलंय. सहा-आठ आठवडे धावायचं नाही." पोरगी ढसाढसा रडली. भरती गेली. पण हाड वाचलं.

तेजलला घेऊन, फिल्म द्यायला मीच खाली गेले. मेल्या पायऱ्या संपेचनात. प्रतिभा गेटपाशी, उजव्या पायावर कमी भार टाकून उभी. तिनं फिल्म उन्हात धरली. पट्टा तिला लगेच सापडला.

"माझ्या फोटोतही होता का हो, ताई?"

तिचा जुना फोटो मी नंतर कितीदा उघडलाय ते देवालाच ठाऊक. 'इतका पुसट होता, कुणालाही नसता दिसला' हे वाक्य तीन वर्षं घोकून ठेवलं होतं.

"होता," मी म्हणाले. "मी काट्यावरच थांबले."

तिनं फिल्म पाकिटात घातली. तेजलचा हात खांद्यावर घेतला आणि दोघी लंगडत रिक्षाकडे गेल्या.